परिच्छेद तेवीस नीट वाचा

*प्रश्न : दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेच्या पूर्वेकडील शेजाऱ्याने बांध सरकवून ११ आर जमीन दाबली आहे. २०१४ साली ताब्यासाठी दावा लावला. २०१९ साली तो फेटाळला गेला आणि गेल्या महिन्यात नाशिकच्या जिल्हा न्यायालयानेही आमचे अपील फेटाळले. २००९ साली ट्रॅक्टरने बांध फोडताना आमच्या सालगड्याने डोळ्यांनी पाहिले होते. तसे त्याने न्यायालयात सांगितले, पण दोन्ही न्यायाधीशांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मुंबईला उच्च न्यायालयात गेलो तर तिथे त्याची साक्ष पुन्हा तपासतील, असे मला वाटत होते. वकीलसाहेब म्हणतात, तिथे साक्षीपुराव्याबद्दल काही ऐकत नाहीत, फक्त कायद्याचे बोलायचे. खरे काय घडले हेच बघायचे नसेल तर वरचे न्यायालय कशासाठी? दोन्ही निकालपत्रांच्या प्रती सोबत पाठवत आहे. — एक शेतकरी, दिंडोरी*

तुमच्या वकिलांनी सांगितले ते बरोबर आहे. मात्र तुम्ही पाठवलेली दोन्ही निकालपत्रे मी दोनदा वाचली, आणि माझ्या मते तुमचे लक्ष ज्या जागी लागले आहे ती जागा चुकीची आहे. सालगड्याची साक्ष आता परत उभी राहणार नाही. पण जिल्हा न्यायालयाच्या निकालपत्रातील परिच्छेद २३ मध्ये जे लिहिले आहे, त्यावर उच्च न्यायालयात बोलता येईल, आणि ते बोलण्यासाठी सालगड्याची गरजही पडणार नाही. तिथवर येण्याआधी त्याच्या साक्षीचा विषय संपवू, कारण तो मनातून गेल्याशिवाय पुढचे पटणार नाही.

दिवाणी दाव्यात पहिले अपील हा पक्षकाराचा हक्क असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालच्या त्या अपिलात जिल्हा न्यायाधीशांनी सगळा पुरावा नव्याने तोलायचा असतो, साक्षीदार विश्वासार्ह आहे की नाही तेही ठरवायचे असते आणि कारणे देऊन लिहायचे असते. म्हणजे जे घडले ते दुसऱ्यांदा बघण्याची सोय कायद्याने केलेली आहे आणि ती तुम्हाला मिळाली. त्यानंतरचे दुसरे अपील कलम १०० खाली येते, आणि त्या कलमाची रचनाच वेगळी आहे. त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न, म्हणजे वकील मंडळी ज्याला ‘सबस्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ’ म्हणतात तो, गुंतलेला असेल तरच उच्च न्यायालय अपील ऐकते. हा प्रश्न अपिलाच्या मेमोत नेमकेपणाने लिहावा लागतो. उच्च न्यायालयाला तो पटला तर ते स्वतः तो शब्दबद्ध करते आणि सुनावणी तेवढ्याच प्रश्नावर होते. कारणे नोंदवून दुसरा एखादा प्रश्न नंतर घेता येतो, पण तोही कायद्याचाच असावा लागतो. कलमाला हे रूप १९७६ च्या दुरुस्तीने आले. त्याआधी दुसऱ्या अपिलाची दारे थोडी रुंद होती, तरीही तथ्याच्या चुकीला त्यांतून वाट नव्हती. प्रिव्ही कौन्सिलने १८९० सालीच दुर्गा चौधराणी विरुद्ध जवाहरसिंग या प्रकरणात सांगून ठेवले होते की तथ्याविषयीचा निष्कर्ष कितीही ढोबळपणे चुकलेला दिसत असला, तरी केवळ त्या कारणाने दुसरे अपील ऐकण्याचा अधिकार न्यायालयाला नाही.

हे वाक्य कठोर आहे, आणि तुमच्या जागी असलेल्या माणसाला ते अन्यायाचे वाटणे मी समजू शकतो. त्यामागचे कारण मात्र तुमच्या सालगड्याच्या साक्षीतच दिसते. निकालपत्रात त्याच्या जबाबाचे जे उतारे आले आहेत, त्यानुसार सरतपासणीत तो म्हणतो, ‘२००९ साली मी बागेत होतो, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने बांध फोडला.’ उलटतपासणीत तोच म्हणतो, ‘२००७ नंतर मी ओझरला कामाला होतो.’ तुम्ही लिहिता की तो सत्तरीचा आहे, साल-तारखांत गोंधळतो, आणि ओझरला गेल्यावरही छाटणीच्या दिवसांत तुमच्याकडे येत असे. हे खरे असूही शकते. पण ते त्याच्या जबाबात कुठेही नाही. जबाबाचा कागद मी आयुष्यभर हाताळला आहे आणि त्यावर काय उतरत नाही हे मला माहीत आहे. वकिलाने प्रश्न विचारल्यावर साक्षीदार किती वेळ गप्प राहिला, उत्तर देताना त्याने मालकाकडे पाहिले की खाली, ‘ओझरला होतो’ हे तो ठामपणे बोलला की कंटाळून हो म्हणाला, यातले काहीच त्या कागदावर येत नाही. न्यायाधीश जे सांगतात ते टंकलेखक उतरवतो आणि प्रश्नोत्तरांची एक सलग हकीकत होते. तो माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा असताना ज्यांनी पाहिला, त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांच्या निर्णयाची एकदा पूर्ण तपासणी जिल्हा न्यायाधीशांनी केली. मुंबईतल्या न्यायमूर्तींपुढे तोच कागद जाईल आणि त्यांना त्यातून जास्तीत जास्त एवढेच म्हणता येईल की, मी असतो तर कदाचित वेगळे मानले असते. ‘वेगळे मत शक्य आहे’ एवढ्या आधारावर तिसरे न्यायालय दुसऱ्याचे मत बदलू लागले, तर जिल्हा न्यायालयाच्या निकालाला अंतिमपणा कधीच येणार नाही, आणि जिंकलेल्या पक्षालाही तीच धास्ती आयुष्यभर राहील. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली संतोष हजारी विरुद्ध पुरुषोत्तम तिवारी या प्रकरणात पहिल्या अपिलाच्या न्यायालयाला तथ्यांबाबतचे अंतिम न्यायालय म्हटले आणि त्याचबरोबर त्याच्यावर ही जबाबदारीही टाकली की त्याने प्रत्येक मुद्द्यावर मन लावून, कारणे देऊन लिहिले पाहिजे.

तथ्याच्या निष्कर्षाला हात लावता येतो असे प्रसंग आहेत, पण ते मोजके आहेत. निष्कर्षाला रेकॉर्डवर अजिबात पुरावा नसणे, निकाल फिरवू शकेल असा महत्त्वाचा पुरावा न्यायालयाने विचारातच न घेणे, किंवा जो पुरावा ग्राह्यच नाही त्यावर निकाल बेतणे, असे काही झाले तर तो निष्कर्ष विकृत, म्हणजे न्यायालयाच्या भाषेत ‘पर्व्हर्स’ ठरतो आणि विकृत निष्कर्ष हा कायद्याचा प्रश्न होतो. तुमच्या बाबतीत हे कसे ओळखायचे? जिल्हा न्यायाधीशांनी सालगड्यावर अविश्वास दाखवताना ओझरचे वाक्य दिले आहे. ते वाक्य उलटतपासणीत खरोखर असेल, तर निष्कर्षाला पुरावा आहे आणि विषय तिथेच संपतो. ते वाक्य उलटतपासणीत नसतेच, न्यायाधीशांनी दुसऱ्या साक्षीदाराचे वाक्य चुकून त्याच्या तोंडी घातले असते, तर मी तुम्हाला वेगळा सल्ला दिला असता. तेव्हा वकिलांकडून जबाबाची प्रत घेऊन ते वाक्य एकदा स्वतः वाचा. ते तिथे असेल असे मी धरून चालतो, कारण दोन्ही न्यायालयांनी एकच वाक्य उद्धृत केले आहे. आता सालगड्याचे नवे प्रतिज्ञापत्र करून ते उच्च न्यायालयात दाखल करण्याची जी कल्पना तुम्ही पत्राच्या शेवटी मांडली आहे, ती सोडून द्या. अपिलात जादा पुरावा घेण्याची तरतूद संहितेच्या आदेश ४१, नियम २७ मध्ये आहे, पण ती साक्षीत राहिलेले भोक बुजवण्यासाठी नाही.

आता परिच्छेद २३ कडे येऊ.

त्याच्या आधीच्या परिच्छेदांत, १७ ते २१ मध्ये, जिल्हा न्यायालयाने दोन गोष्टी तुमच्या बाजूने मानल्या आहेत, आणि पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेखही केलेला नाही. पहिली गोष्ट ही की गट तुमच्या मालकीचा आहे. दुसरी ही की न्यायालयाने नेमलेल्या कोर्ट कमिशनरने, म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीदाराने, केलेली मोजणी विश्वासार्ह आहे, आणि त्या नकाशाप्रमाणे शेजाऱ्याच्या वहिवाटीतील ११ आर क्षेत्र तुमच्या गटात पडते. मोजणीदाराची उलटतपासणी होऊनही त्याचा नकाशा टिकला. एवढे मानूनही दावा का फेटाळला, याचे एकमेव कारण परिच्छेद २३ मध्ये आहे. तिथे न्यायाधीश लिहितात की शेजाऱ्याने नेमके कधी अतिक्रमण केले हे वादीला सिद्ध करता आले नाही, सालगड्याची साक्ष विश्वासार्ह नसल्याने दाव्याआधीच्या बारा वर्षांत ही जमीन वादीच्या ताब्यात होती असे म्हणता येत नाही, सबब दावा मुदतबाह्य आहे.

हे परिच्छेद २३ मधले तर्कशास्त्र आजच्या कायद्याचे नाही. ते १९०८ च्या जुन्या मुदतीच्या कायद्याचे आहे. त्या कायद्यातील अनुच्छेद १४२ खाली, ताब्यातून काढलेल्या वादीने दावा लावला तर मागील बारा वर्षांत आपला ताबा होता हे त्यालाच सिद्ध करावे लागे, मग त्याची मालकी कितीही निर्विवाद असो. त्यामुळे खरे मालक केवळ तारीख सिद्ध न झाल्याने जमिनी गमावत. १९६३ चा नवा कायदा १ जानेवारी १९६४ पासून लागू झाला, तेव्हा हे मुद्दाम बदलले गेले. आता मालकीवर न जाता केवळ आधीच्या ताब्याच्या आधारे लावलेला दावा अनुच्छेद ६४ खाली येतो आणि मालकीच्या आधारे लावलेला दावा अनुच्छेद ६५ खाली. अनुच्छेद ६५ मध्येही मुदत बारा वर्षांचीच आहे, पण ती प्रतिवादीचा ताबा वादीच्या हक्काला प्रतिकूल झाला त्या दिवसापासून मोजायची असते. तो दिवस कोणता, हे प्रतिवादीने सांगायचे आणि सिद्धही करायचे. सर्वोच्च न्यायालयाने इंदिरा विरुद्ध अरुमुगम या प्रकरणात हेच म्हटले आहे : मालकी सिद्ध झाली की वादी जिंकतो, प्रतिवादीने प्रतिकूल ताबा सिद्ध केला तरच तो हरतो.

तुमचा दावा मालकीच्या आधारावर आहे, हे वादपत्राच्या पहिल्याच परिच्छेदावरून दिसते. म्हणजे त्याला अनुच्छेद ६५ लागतो. मग सालगड्याने २००९ साल सिद्ध केले की नाही, हा प्रश्न उरतच नाही, कारण ती तारीख तुम्ही सिद्ध करायची नव्हतीच. दोन्ही न्यायालयांनी सिद्धतेचे ओझे चुकीच्या खांद्यावर ठेवले आणि ते पेलले नाही म्हणून तुमचा दावा पाडला. हा तथ्याचा वाद नाही. सगळी तथ्ये न्यायालयाने मानली तशीच धरली, सालगड्याला खोटा धरले, तरी कायदा नीट लावल्यास निकाल उलटा येतो. दुसऱ्या अपिलासाठी मुद्दा निवडताना हीच कसोटी मी वापरतो : खालच्या न्यायालयाने मानलेले सगळे तथ्य मान्य करून पाहायचे, आणि तरीही निकाल चुकतो का ते बघायचे. चुकत असेल तर बहुधा कायद्याचा प्रश्न हाती लागलेला असतो. निकाल बरोबर ठरवण्यासाठी कुठल्या तरी साक्षीदारावर विश्वास ठेवायला सांगावे लागत असेल, तर तो मुद्दा कलम १०० खाली टिकत नाही.

एक शंका विरुद्ध बाजूचे वकील नक्की काढतील, तिची तयारी हवी. ते म्हणतील की अनुच्छेद ६५ चा अर्थ केव्हाच ठरलेला आहे, मग यात ‘महत्त्वाचा प्रश्न’ कोणता? ज्या मुद्द्यावर कायदा ठरलेला आहे त्यावर साधारणपणे महत्त्वाचा प्रश्न निघत नाही, हे खरे आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने हिरो विनोथ विरुद्ध शेषम्माळ या २००६ च्या निकालात याची दुसरी बाजूही सांगितली आहे : कायद्याची स्थिती स्पष्ट असताना खालच्या न्यायालयाने तिच्याकडे दुर्लक्ष करून किंवा तिच्या विरुद्ध निकाल दिला असेल, तर तोही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न होतो. तुमचे प्रकरण नेमके या जागी बसते. शिवाय तो प्रश्न निकालाच्या मुळाशी जातो, कारण दावा फेटाळण्याचे दुसरे कोणतेही कारण निकालपत्रात नाही. हे दुसरे कारण नसणे फार महत्त्वाचे आहे. समजा त्याच न्यायाधीशांनी ‘अतिक्रमणच सिद्ध झालेले नाही’ असेही लिहिले असते, तर मुदतीची चूक कितीही ढळढळीत असली तरी तिने निकाल बदलला नसता, आणि उच्च न्यायालयाने अपील दारातूनच परत पाठवले असते.

अजून एक कागद मला हवा होता आणि तो तुमच्या पाकिटात नव्हता, तो म्हणजे शेजाऱ्याची कैफियत. त्यात त्याने काय म्हटले आहे यावर पुढचे पुष्कळ अवलंबून आहे. ही ११ आर मूळचीच माझ्या गटातली आहे, एवढेच त्याचे म्हणणे असेल तर त्याने प्रतिकूल ताब्याचा बचाव घेतलेलाच नाही, कारण प्रतिकूल ताबा म्हणजे दुसऱ्याची मालकी असलेल्या जमिनीवर, तिच्याविरुद्ध, उघडपणे आणि सलग बारा वर्षे केलेला ताबा. नुसत्या लांब वहिवाटीने तो होत नाही. मुद्द्यांच्या यादीत ‘प्रतिवादी प्रतिकूल ताब्याने मालक झाला आहे काय’ असा मुद्दा काढलेला मला दिसला नाही, त्यावरून बचाव घेतलेला नसावा असे वाटते. तसे असेल तर उच्च न्यायालयाला प्रकरण परत पाठवण्याचे कारण उरणार नाही. मालकी, हद्द आणि क्षेत्र यांवर निष्कर्ष झालेले आहेत, बचाव कैफियतीत नाही, म्हणून ते स्वतःच दावा मंजूर करू शकेल. मात्र कैफियतीत प्रतिकूल ताब्याचा परिच्छेद असेल आणि त्यावर मुद्दाच निघाला नसेल, तर दोन शक्यता राहतात. एक तर उच्च न्यायालय कलम १०३ खाली रेकॉर्डवरील पुरावा पुरेसा असल्यास तो प्रश्न स्वतः ठरवील. उच्च न्यायालय तथ्य ठरवू शकते अशी ही दुर्मीळ जागा आहे, आणि ती खालच्या न्यायालयाने आवश्यक मुद्दा ठरवलाच नसेल, किंवा कायद्याच्या चुकीमुळे चुकीचा ठरवला असेल, तरच उघडते. नाही तर ते प्रकरण मुद्दा ठरवण्यासाठी खाली पाठवील. दुसरी शक्यता आली तर अजून काही वर्षे जातील, हे आधीच मनात धरा.

नवी मोजणी मागण्याचा तुमचा विचार मला धोक्याचा वाटतो. तथ्यांना वर हात लागत नाही, हा जो नियम सालगड्याबाबत तुम्हाला टोचतो आहे, तोच मोजणीबाबत तुमचे रक्षण करतो. ११ आर तुमच्या गटात पडते हा निष्कर्ष शेजाऱ्यालाही आता सहज हलवता येणार नाही. प्रतिवादी म्हणून त्याला त्या निष्कर्षावर बोलता येईल, पण त्यासाठी त्यालाही कायद्याचाच दोष दाखवावा लागेल. तुम्हीच नवी मोजणी मागितली, तर हातातला पक्का नकाशा तुम्ही स्वतःच संशयात आणाल.

मेमोतला प्रश्न कसा लिहायचा, हे तुमच्या वकिलांना ठाऊक असेलच, तरी मी कसा लिहिला असता ते सांगतो. ‘दोन्ही न्यायालयांनी पुराव्याचे योग्य मूल्यमापन केले आहे काय’ असे वाक्य मेमोत अजिबात घालू नका. दरवर्षी कितीतरी अपिले या एका वाक्यावर प्रवेशाच्या सुनावणीतच संपतात, कारण ते वाचताच न्यायमूर्तींना कळते की इथे साक्षच परत वाचायची आहे. प्रश्न असा असावा : ‘वादीची मालकी आणि प्रतिवादीने वादीच्या गटातील ११ आर क्षेत्र व्यापले आहे ही बाब सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढल्यानंतर, मुदतीचा कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ६५ खाली प्रतिकूल ताबा सिद्ध करण्याचे ओझे प्रतिवादीवर असताना, दाव्यापूर्वीच्या बारा वर्षांत वादीचा ताबा होता हे वादीने सिद्ध केले नाही या कारणाने दावा मुदतबाह्य ठरवणे कायद्याने योग्य होते काय?’ यात सालगडी कुठेच नाही, २००९ नाही, ट्रॅक्टरही नाही. प्रवेशाच्या सुनावणीत वेळ थोडा मिळतो. तेवढ्यात परिच्छेद १७ ते २१ आणि परिच्छेद २३ एकापुढे एक वाचून दाखवले, तर प्रश्न आपोआप उभा राहतो. सालगड्याचे नाव तिथे वकिलांच्या तोंडून निघाले तर ते नुकसानच करील, म्हणून हे त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.

वेळेचे गणित मात्र आजच करा. उच्च न्यायालयातील अपिलाला मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद ११६ प्रमाणे हुकूमनाम्याच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात. निकाल आणि हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल मिळवण्यासाठी लागलेला वेळ त्यातून वजा होतो, पण तो अर्ज केल्या दिवसापासूनचा. निकालानंतर पंचवीस दिवसांनी अर्ज केला आणि नक्कल तयार व्हायला अठरा दिवस लागले, तर सूट अठराच दिवसांची, पंचवीस दिवस तुमच्या खात्यातून गेलेले. नकलेच्या मागच्या बाजूला शिक्का असतो, त्यात अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख लिहिलेली असते. नक्कल तयार झाल्यावर तुम्ही ती आठ दिवस घ्यायला गेला नाहीत, तर ते आठ दिवस सुटीत येत नाहीत. तुमचा निकाल गेल्या महिन्यातला आहे आणि पाकिटातल्या प्रती साध्या झेरॉक्स आहेत, त्यावरून नकलेचा अर्ज अजून झालेला नसावा. तो उद्या सकाळी जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात द्या, आणि त्याच अर्जात कैफियत, काढलेले मुद्दे आणि सालगड्याचा जबाब यांच्याही नकला मागा. पहिल्या दोन मुंबईच्या वकिलांसाठी लागतील, तिसरी तुमच्या स्वतःच्या वाचनासाठी.